बॅकटेस्टमध्ये नफा, खऱ्या सौद्यात तोटा: ऑप्शनच्या परताव्याचं मॉडेल कुठे गळतंय हे कसं शोधायचं

निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनवर मशीन लर्निंगचं मॉडेल बसवून उद्याचा परतावा ओळखायचा, हा उद्योग मी स्वतः केला आहे. नंतर ओळखीच्यांची अशीच अडलेली मॉडेलं दुरुस्तही केली आहेत. बिघाड दर वेळी जवळपास त्याच चार-पाच ठिकाणी सापडतो, म्हणून शोधायचा क्रम इथे लिहून ठेवतो. पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या आधी घेतल्या आहेत आणि विकतचा डेटा लागणाऱ्या शेवटी. मधली एखादी गाळून पुढे जाऊ नका. आधीची गळती, म्हणजे खऱ्या सौद्यात हाती नसणारी माहिती मॉडेलमध्ये झिरपणं, बंद झालेली नसेल तर पुढच्या तपासणीतल्या आकड्यांचा अर्थच लागत नाही.

उदाहरणं एनएसईच्या रोजच्या भावकॉपीवरची, म्हणजे दिवसअखेरच्या भावांच्या फाइलवरची आहेत, कारण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. कॉलमची नावं 8 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या रचनेतली आहेत.

लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे बॅकटेस्टमधली नफ्याची रेघ जिन्यासारखी सरळ वर जाते. ऑप्शनच्या परताव्यात इतका गोंगाट असतो की खरं मॉडेल असं दिसत नाही. त्यात पडझडीचे महिने असतात, आणि तुम्ही ऑप्शन विकत असाल तर एखादा दिवस महिनाभराची कमाई घेऊन जातो.

दुसरं लक्षण असं की मॉडेल साधं असो वा गुंतागुंतीचं, त्यातली डिसिजन-ट्रीची झाडं वाढवत गेलं की चाचणीतला आकडा सुधारतच राहतो, कुठेच थांबत नाही. तिसरं, कोणता कॉलम किती महत्त्वाचा याची यादी काढली तर आयव्ही, म्हणजे प्रीमियमवरून काढलेली व्होलॅटिलिटी, सगळ्यांच्या खूप वर असते. त्यातही त्याच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटच्या आयव्हीतला फरक पहिल्या नंबरावर बसलेला असतो. चौथं लक्षण सगळ्यात महाग पडतं: कागदावर सगळं जमतं आणि खरे पैसे लावले की पहिल्या आठवड्यापासून तोटा सुरू होतो. आधी ठीक चाललं आणि मग हळूहळू बिघडलं, असंही तिथे दिसत नाही.

पहिल्या दिवसापासून तोटा असेल तर बहुतेक वेळा गळती असते. काही महिने बरे जाऊन मग बिघडलं असेल तर नातं बदललेलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तपासणी 1: खोटं उत्तर ओळखायला लावा (पाच मिनिटं)

प्रत्येक दिवसाला एक यादृच्छिक आकडा द्या आणि त्या दिवसाच्या सगळ्या ओळींवर तोच आकडा उत्तर म्हणून लावा. या आकड्याचा बाजाराशी काडीचाही संबंध नाही. मग आहे तसंच मॉडेल, आहे त्याच विभागणीने चालवा.

```python
days = np.sort(df["TradDt"].unique())
rng = np.random.default_rng(7)
fake = dict(zip(days, rng.normal(size=len(days))))
df["fake"] = df["TradDt"].map(fake)
```

मॉडेलला हा आकडा चाचणीच्या भागात ओळखता आला, तर ते बाजार शिकलेलं नाही, तारखा पाठ करून बसलं आहे. यात गूढ काही नाही. एका दिवशी निफ्टीच्या एका एक्सपायरीचे शंभराच्या आसपास स्ट्राइक असतात, कॉल आणि पुट वेगळे. इंडिया व्हीआयएक्सचा त्या दिवसाचा आकडा या सगळ्या ओळींवर एकच असतो. `train_test_split` सांगितलं नाही तर ओळी पिसून वाटतो. त्यामुळे एकाच दिवसाच्या साधारण पंचाहत्तर टक्के ओळी शिकण्याच्या भागात जातात आणि पंचवीस टक्के चाचणीत. मॉडेल व्हीआयएक्सचा आकडा बघून दिवस ओळखतं आणि त्या दिवशी प्रीमियम चढले की उतरले हे शेजारच्या स्ट्राइकवरून सांगतं. पेपरला बसलेल्या मुलाला शेजारच्याचं उत्तर दिसावं, तसं.

यावरून आणखी एक हिशेब समजतो. तुमच्याकडे पन्नास हजार ओळी असतील, पण दिवस अडीचशेच असतील, तर पुरावा अडीचशे दिवसांचाच आहे.

उपाय सोपा आहे: विभागणी तारखांची करायची, ओळींची नाही. `TimeSeriesSplit` वापरणाऱ्यांनीही जपावं, कारण तो ओळी मोजतो. त्याला थेट टेबल दिलं तर एखादा दिवस मधोमध कापला जातो. त्याला फक्त दिवसांची यादी द्या.

```python
cv = TimeSeriesSplit(n_splits=5, gap=5)
for tr, te in cv.split(days):
    train = df[df["TradDt"].isin(days[tr])]
    test = df[df["TradDt"].isin(days[te])]
```

`gap` इथे पाच ठेवला आहे, कारण उत्तर पाच दिवसांच्या परताव्याचं आहे असं धरलं आहे. शिकण्याच्या शेवटच्या दिवसाचं उत्तर पुढच्या पाच दिवसांच्या भावावरून येतं. ते पाच दिवस मध्ये रिकामे सोडले नाहीत, तर चाचणीतले भाव उत्तराच्या रूपाने शिकण्यात शिरतात. तुमची मुदत जितकी असेल तितकी फट ठेवा.

तपासणी 2: ही माहिती त्या क्षणी हातात होती का? (अर्धा तास)

प्रत्येक कॉलमसमोर एक वेळ लिहा: हा आकडा किती वाजता कळला? आणि खाली एकच वेळ लिहा: मी सौदा किती वाजता केला असं बॅकटेस्ट म्हणतो?

भावकॉपीतला `OpnIntrst` बाजार बंद झाल्यावर हाती येतो. मॉडेल तो वापरून त्याच दिवशीच्या `ClsPric` ला खरेदी करत असेल, तर तुम्ही संध्याकाळी कळलेल्या गोष्टीवर दुपारी साडेतीनला सौदा केलेला असतो. कोडमध्ये `bfill`, `center=True` आणि उणे आकड्याचा `shift` शोधा. उत्तराचा कॉलम सोडून यातलं काहीही दुसरीकडे दिसलं, तर ते भविष्यातून आलेलं आहे. इथे फार वेळ लागत नाही.

तपासणी 3: एकच भाव दोन्हीकडे वापरलाय का? (अर्धा दिवस)

तारखांची विभागणी नीट आहे, वेळा जुळतात, तरी बॅकटेस्ट खोटा असतो तो बहुतेक याच कारणाने. ही चूक कोड वाचून दिसत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा, एका ऑप्शनची खरी किंमत आज 100 रुपये आहे आणि उद्याही 100 च राहणार आहे. पण नोंदलेला भाव खऱ्या किमतीपासून तीन रुपये इकडे-तिकडे असतो, कारण कधी शेवटचा सौदा खरेदीदाराच्या भावाला झाला, कधी विक्रेत्याच्या. आज नोंद 103 झाली तर आयव्ही जास्त निघते, आणि उद्या भाव 100 वर आला की परतावा उणे 2.9 टक्के. आज नोंद 97 झाली तर आयव्ही कमी आणि परतावा अधिक 3.1 टक्के. मॉडेल यातून शिकतं की चढ्या आयव्हीचे विका, उतरत्या आयव्हीचे घ्या. दोन्ही बाजू मिळून कागदावर सहा टक्के सुटतात, तेही एका दिवसात. आणि ऑप्शनची किंमत तर जागची हललेली नाही.

आजचा भाव आयव्हीच्या रूपाने प्रश्नात आहे आणि परताव्याच्या छेदात उत्तरातही आहे. भावातली चूक दोन्हीकडे एकदमच शिरते, म्हणून दोघांत नातं दिसतं. मॉडेल जितकं ताकदवान, तितकं ते या चुकीला अचूक पकडतं.

भावकॉपीत अशी चूक येण्याचं आणखी एक कारण आहे. निफ्टीचा बंद भाव म्हणजे साडेतीनच्या क्षणाचा भाव नाही. तो घटक शेअरच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सरासरीवरून येतो. उलट दूरच्या स्ट्राइकचा शेवटचा सौदा दुपारी दोनला झालेला असू शकतो. हे दोन आकडे एकत्र धरून आयव्ही काढली की ती चुकते. किती चुकते ते पाहा. निफ्टी 25,000, एक्सपायरीला पाच दिवस, आयव्ही 12 टक्के धरली तर जवळच्या स्ट्राइकचा कॉल साधारण 140 रुपयांचा होतो. आयव्ही एक टक्का-अंक हलली की त्याची किंमत सुमारे 12 रुपये हलते. निफ्टी 20 अंक हलला की सुमारे 10 रुपये. म्हणजे निफ्टीच्या भावात 20 अंकांची तफावत धरली गेली, तर आयव्ही जवळपास 0.85 ने चुकते. मूळ आकडा 12 असताना ही चूक मोठी आहे.

यातली खूण अशी: निफ्टीचा भाव चुकून कमी धरला गेला तर कॉल महाग दिसतो आणि त्याच स्ट्राइकचा पुट स्वस्त. वर तिसऱ्या लक्षणात कॉल-पुटच्या आयव्हीतला फरक पहिल्या नंबरावर येतो असं लिहिलं, ते बऱ्याचदा याच कारणाने. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, मुदतीआधी वापरता येत नाहीत. त्यामुळे एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटची आयव्ही जवळजवळ सारखीच यायला हवी. ती रोज एकेक अंकाने वेगळी येत असेल, तर आधी भावांच्या वेळेवर संशय घ्या.

तपासायची रीत अशी: आजच्या भावावरून इशारा घ्या, पण खरेदी उद्याच्या भावाला करा आणि परतावा उद्या ते परवा मोजा.

```python
keys = ["XpryDt", "StrkPric", "OptnTp"]
df = df.sort_values(keys + ["TradDt"])
g = df.groupby(keys)["ClsPric"]
df["ret_same"] = g.shift(-1) / df["ClsPric"] - 1
df["ret_skip"] = g.shift(-2) / g.shift(-1) - 1
```

एखाद्या स्ट्राइकची मधल्या दिवसाची ओळच नसेल तर हा `shift` दोन दिवसांची उडी मारतो, म्हणून आधी प्रत्येक दिवसाची ओळ भरून घ्या, भाव रिकामा असला तरी चालेल.

`ret_same` वर भरघोस आणि `ret_skip` वर जवळपास शून्य, असं दिसलं तर बहुतेक नफा नोंदीतल्या चुकीचा होता. बहुतेक म्हणतो, कारण खरा इशाराही एका दिवसात शिळा होऊ शकतो. दोन्हींतला फरक ओळखायला ओळी `TtlTradgVol` प्रमाणे दोन भागांत वाटा. नोंदीतल्या चुकीवर जगणारा इशारा कमी उलाढालीच्या स्ट्राइकमध्ये जोरात असतो आणि भरपूर उलाढालीच्या स्ट्राइकमध्ये विरतो. खरा इशारा भरपूर उलाढालीतही थोडाफार उरतो.

दुरुस्तीत दोन गोष्टी करा. निफ्टीचा बंद भाव सोडून जवळच्या स्ट्राइकच्या कॉल-पुटवरूनच निफ्टीचा फॉरवर्ड भाव काढा: स्ट्राइक अधिक कॉल उणे पुट. आठवडाभराच्या मुदतीत व्याजाचा फरक अगदी लहान असतो. आणि `TtlTradgVol` शून्य असलेल्या ओळींवर आयव्ही काढूच नका. त्या ओळींत `ClsPric` दिसतो, पण त्या दिवशी तो भाव कुणी दिलेला-घेतलेला नसतो. मात्र या ओळी टेबलातून काढून टाकू नका. का, ते पुढच्या तपासणीत.

तपासणी 4: गाळलेल्या ओळी मोजा (अर्धा दिवस)

एका मित्राचं मॉडेल माझ्याकडे आलं होतं. जवळच्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट दोन्ही विकायचे आणि काही दिवसांनी बंद करायचे, अशी पद्धत. वरच्या तिन्ही तपासण्यांतून ते पार पडलं. नोटबुकमध्ये अगदी वर एक निरुपद्रवी दिसणारी ओळ होती: घेण्याच्या आणि सोडण्याच्या दोन्ही दिवशी उलाढाल किमान इतकी असलीच पाहिजे. त्याने ती चांगल्या हेतूने लिहिली होती, शिळे भाव नकोत म्हणून.

आता पाहा काय होतं. 24,000 चा कॉल आणि पुट विकला. निफ्टी चार दिवसांत 25,000 ला गेला. 24,000 चा कॉल आता हजार अंक आत आहे. एवढ्या आतल्या कॉलमध्ये फारसं कुणी सौदे करत नाही, सगळी गर्दी नव्या जवळच्या स्ट्राइकवर गेलेली असते. सोडण्याच्या दिवशी उलाढाल पुरेशी नाही, म्हणून ही ओळ गाळली जाते. आणि विकणाऱ्याचा सगळ्यात मोठा तोटा नेमका याच ओळीत होता. निफ्टी जागेवर राहिलेले आठवडे मात्र पूर्ण उलाढालीसह टेबलात राहतात. चाळणीने फक्त वाईट दिवस काढून टाकले.

म्हणून नियम असा: गाळायचं असेल तर घेण्याच्या दिवशी जे माहीत होतं त्यावरूनच गाळा. सोडण्याच्या दिवशी भाव नसेल तर ओळ टाकू नका, भाव बांधा. एक्सपायरीपर्यंत ठेवत असाल तर निफ्टीच्या त्या दिवशीच्या बंद भावावरून आतली किंमत काढता येते, तिथे ऑप्शनच्या शेवटच्या सौद्याची गरजच नाही. मध्येच सोडत असाल तर आतल्या ऑप्शनची किंमत निदान निफ्टीचा भाव आणि स्ट्राइक यांच्या फरकाएवढी धरा. थोडी चूक राहील, पण ओळ गायब होण्यापेक्षा बरी.

गाळण्याआधी आणि नंतर किती ओळी राहिल्या हे बघून भागत नाही. गाळलेल्या ओळींत निफ्टी सरासरी किती अंक हलला होता आणि राहिलेल्यांत किती, हे छापा. दोन आकड्यांत मोठा फरक दिसला की कारण सापडलंच. मित्राच्या मॉडेलमधली ती अट काढल्यावर नफा राहिला नाही. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण त्याचे पैसे अजून लागले नव्हते.

तपासणी 5: नातं टिकतं का? (एक-दोन दिवस)

इथवर सगळं स्वच्छ असेल तर आता दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाकडे या. मॉडेलने जे शिकलं ते तेव्हा खरं होतं, आता नाही.

सगळ्यात साधं उदाहरण वाराचं. अनेक जण आठवड्याचा वार हा कॉलम देतात. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी वर्षानुवर्षं गुरुवारी होती, त्यामुळे मॉडेल गुरुवार म्हणजे प्रीमियम वितळण्याचा दिवस असं शिकलं. 2 सप्टेंबर 2025 पासून ती मंगळवारी आली. जुनं मॉडेल गुरुवारी अजून एक्सपायरी आहे असंच वागतं. बँक निफ्टीत तर हे आधीच झालं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये एक्सपायरी गुरुवारवरून बुधवारी आली, आणि 13 नोव्हेंबर 2024 नंतर साप्ताहिक करारच बंद झाले, कारण सेबीने प्रत्येक एक्सचेंजला एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक करार ठेवायला सांगितलं. त्याच सुमारास विक्रीवरचा एसटीटी प्रीमियमच्या 0.0625 टक्क्यांवरून 0.1 टक्का झाला, एक्सपायरीच्या दिवशी विकणाऱ्यांवर जादा मार्जिन आलं आणि निफ्टीचा लॉट 25 वरून 75 झाला. या बाजारात कोण विकतं आणि कोण घेतं हेच यामुळे बदललं. 2021 ते 2023 चा डेटा घेऊन शिकलेलं मॉडेल निराळ्या बाजाराचं आहे.

वाराऐवजी एक्सपायरीला किती व्यवहाराचे दिवस उरले हा आकडा द्या. नियम बदलल्याच्या तारखा एका यादीत ठेवा आणि त्या तारखांच्या दोन्ही बाजूंना निकाल वेगवेगळे छापा.

मग मॉडेलमधले पहिले पाच कॉलम घ्या. प्रत्येक तिमाहीसाठी त्या कॉलमचा परताव्याशी असलेला संबंध अधिक की उणे, एवढंच लिहा. बारा तिमाह्यांपैकी सहा-सात वेळा एक चिन्ह आणि बाकी वेळा दुसरं असेल, तर तो कॉलम काढून टाका, महत्त्वाच्या यादीत कितीही वर असला तरी. मी स्वतः दहा-अकरा तिमाह्यांत चिन्ह टिकलं तरच कॉलम ठेवतो.

शेवटी सगळ्यात चांगले आणि सगळ्यात वाईट पाच दिवस बाजूला काढून निकाल पुन्हा बघा. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी 23,263.90 वरून 21,884.50 वर बंद झाला. आदल्या दिवशी 23,250 चा पुट विकलेल्याच्या अंगावर तो पुट बंद होताना 1,365 अंक आत होता. असा एक दिवस मॉडेलच्या सगळ्या शिकण्यावर भारी पडतो, कारण चुकांच्या आकड्यांचे वर्ग केले की बाकी शेकडो दिवस त्यापुढे किरकोळ ठरतात. हा दिवस शिकण्याच्या भागात असताना मॉडेल एक सांगतं आणि नसताना नेमकं उलटं, असं झालं तर ते एका घटनेवर उभं आहे.

तपासणी 6: खरेदी-विक्रीच्या भावातली फट (विकतचा डेटा लागतो)

भावकॉपीत खरेदीदाराचा आणि विक्रेत्याचा भाव नसतो. दूरच्या स्ट्राइकवर 5.90 ला खरेदीदार आणि 6.10 ला विक्रेता असेल, तर घेऊन लगेच विकलं तरी 20 पैसे गेले, म्हणजे सहा रुपयांवर 3.3 टक्के. मॉडेल एका सौद्याला दोन टक्के देतं असं म्हणत असेल, तर ते आताच संपलं. मिनिटागणिक भावांचा डेटा विकत घेण्याआधी पंधरा दिवस तुमच्या स्क्रीनवरून, मॉडेल जे स्ट्राइक सुचवेल त्यांचे दोन्ही भाव त्या क्षणी हाताने लिहून काढा. बऱ्याच वेळा तेवढ्यावरच निर्णय होतो आणि डेटाचे पैसे वाचतात.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तिसऱ्या तपासणीत `ret_skip` शून्यावर आला असेल तर नवे कॉलम जोडत बसू नका. प्रत्येक नवा प्रयत्न त्याच चाचणीच्या डेटावर होतो आणि वीस-तीस प्रयत्नांनंतर एखादा नुसत्या योगायोगाने जमतो. तो डेटा आता वापरून झाला असं समजा आणि पुढचे सहा महिने नवा डेटा जमेपर्यंत थांबा.

सहाही तपासण्या पार झाल्या आणि पद्धतीत उघडी विक्री असेल, म्हणजे समोर बचावाचा ऑप्शन घेतलेला नसेल, तर जोखमीचा हिशेब स्वतः करू नका. 4 जूनसारख्या दिवशी मार्जिन किती वाढेल आणि ब्रोकर पोझिशन कधी कापेल, हे डेरिव्हेटिव्ह्जची जोखीम रोज सांभाळणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. ऑर्डर प्रोग्रॅमने पाठवायच्या असतील तर आधी ब्रोकरशी बोला. लहान गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी सेबीने फेब्रुवारी 2025 मध्ये नियम काढले आहेत आणि त्यांची अंमलबजावणी ब्रोकरमार्फतच होते. एफ अँड ओचं उत्पन्न करात व्यवसायाचं धरलं जातं, त्यामुळे पहिल्या खऱ्या सौद्याआधी सीएला भेटा. तोटा झाला असेल तरी भेटा, कारण वेळेत विवरणपत्र भरलं तरच तो पुढच्या वर्षांत ओढता येतो.

नातेवाइकांचे किंवा मित्रांचे पैसे यात घ्यायचा विचार असेल तर तिथेच थांबा. दुसऱ्याचे पैसे सांभाळायला किंवा मोबदला घेऊन सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, आणि ती नसेल तर मॉडेल कितीही स्वच्छ असलं तरी पुढची पायरी वकिलाकडे विचारूनच घ्यायची.